मार्चमधला रजेचा अर्ज

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात राळेगावात दोन वर्षं बरोबरच संपायला आलेली असतात. एक सरकारचं, दुसरं वावराचं. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालतं. तोवर पऱ्हाटी उपटून झालेली असते, हरभरा घरात आलेला असतो आणि मालक-सालदार अंगणात बसून उचल किती झाली, खाडे किती पडले, नवं साल किती ठरवायचं हे बोलत असतात. तालुक्याच्या कचेऱ्यांमध्येही हिशेबच चालू असतो. अनुदान किती आलं, खर्च किती पडला, कोणती देयकं अजून टेबलावर आहेत, हे सगळं एकतीस तारखेच्या आत मिटवायचं असतं. २०२५ साली तर या तारखा एकमेकींना येऊन भिडल्या. ३० मार्चला रविवारी पाडवा आणि ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद. मी एका शासकीय कचेरीत लेखा शाखेचा लिपिक आहे, आणि त्याच मार्चात मला रजा मागायची होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काम तर बाराही महिने असतं, मार्चचं एवढं काय? फरक असा की मार्चमध्ये राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात करता येत नाही. देयक तयार करायचं तर आधी त्या लेखाशीर्षाखाली रक्कम बीम्स प्रणालीवर दिसावी लागते. ती मंत्रालयातून विभागाकडे, विभागाकडून जिल्ह्याकडे आणि तिथून आमच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावावर उतरत येते. ती उतरली की प्राधिकारपत्र काढायचं, देयकाला जोडायचं, अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि देयक उपकोषागारात न्यायचं. तिथे टोकन पडतं, तपासणी होते, आणि एखादं प्रमाणपत्र राहिलं असेल तर आक्षेप लागून देयक परत येतं. ही फेरी एरवी संथपणे चालते. मार्चच्या शेवटी मात्र वरून रक्कम कधीही, अगदी शेवटच्या दिवशी संध्याकाळीसुद्धा येते, आणि एकतीसच्या रात्रीपर्यंत जी खर्ची पडत नाही ती व्यपगत होते. म्हणजे ज्याचं देयक अडकलं त्याला नव्या वर्षाच्या अनुदानाची वाट पाहावी लागते. आमचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या खात्यावर पडतो. त्याला ही भीती नसते. ती असते पुरवठादाराच्या बिलाला, प्रवासभत्त्याला आणि एखाद्या शिपायाच्या दवाखान्याच्या खर्चाला.

एकतीस मार्च ही तारीख निसर्गानं घालून दिलेली नाही. हे आर्थिक वर्ष ब्रिटिश अमलात, १८६७ पासून इथे लागू झालं. १९८० च्या दशकात एल. के. झा समितीनं ते जानेवारीपासून सुरू करावं असं सुचवलं होतं, पण बदल झाला नाही. मला या इतिहासातून एवढंच म्हणायचं आहे की कचेरीची तारीख माणसांनी ठरवलेली आहे, पावसाची तशी नाही. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि त्याला मुदतवाढ मिळत नाही. माझी रजेची गरज या दोन तारखांच्या मधोमध सापडली होती.

वडिलांना जांघेत हर्निया होता. वर्षभर ते पट्टा बांधून हिंडले. फेब्रुवारीत दुखणं वाढलं, तेव्हा सेवाग्रामच्या रुग्णालयात दाखवलं आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, २५ मार्च. आदल्या दिवशी भरती व्हायचं होतं. तातडी अशी नव्हती. आतडं अडकलं असतं, उलट्या सुरू झाल्या असत्या, तर रजेचा विचार करायला वेळच राहिला नसता. त्या प्रसंगी कोणताही अधिकारी ‘जा’ म्हणतो. अवघड असते ती अशी गरज, जी खरी आहे पण पुढे ढकलता येईल असं समोरच्याला वाटू शकतं. अशा वेळी ‘आत्ताच का’ या प्रश्नाचं उत्तर मागणाऱ्यानं स्वतःला आधी द्यायला हवं.

मी ते तारखांनी तपासून पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही, वखर-नांगराला हात लावायचा नाही. २५ मार्चपासून आठ आठवडे धरले की २० मे येतो. म्हणजे उन्हाळवाही हुकली तरी पेरणीच्या आधी दोन-अडीच आठवडे हाताशी राहतात. हीच शस्त्रक्रिया १५ एप्रिलला झाली तर आठ आठवडे १० जूनला भरतात, आणि तोवर मृग लागलेला असतो. पाऊस वेळेवर आला तर वडील घरात बसून राहणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि टाके नीट भरायच्या आत त्यांनी बियाण्याची पोती उचलली तर हर्निया पुन्हा उतरू शकतो. तारीख सोडली तर पुढची लवकर मिळेल याचा भरवसा नव्हताच. हा हिशेब कागदावर मांडल्यावर माझी खात्री पटली की मार्च ही माझी सोय नाही. आणि मांडल्यावर तो उलटा पडला असता, एप्रिलमध्येही चाललं असतं, तर मला अर्ज करण्याचा अधिकार नव्हता.

दुसरा प्रश्न होता तो ‘मीच का’ हा. धाकटा भाऊ पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे, त्याचाही मार्चच. त्यानं २६ च्या रात्रीपासून पुढचा आठवडा मिळवला, बदल्यात पाडव्याला घरून काम करायचं कबूल करून. त्याआधी त्याला जमणार नव्हतं. म्हणजे माझी गरज सोमवार ते बुधवार, २४ ते २६ मार्च, एवढीच उरली. कचेरीत एक रीत पडून गेली आहे. पाच दिवस हवे असतील तर दहा मागायचे, साहेब अर्धे कापतील आणि दोघांचंही समाधान होईल. ही रीत निरुपद्रवी दिसते, पण तिच्यामुळे अर्जातल्या कोणत्याच आकड्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. ज्याला खरोखर दहा लागतात त्यालाही पाच मिळतात.

त्याहून मोठी रीत आहे तापाची. मार्चमध्ये रजा मिळणार नाही हे धरूनच चालायचं, ठरल्या दिवशी फोन करायचा, ‘रात्रीपासून अंग फणफणलंय’ म्हणायचं आणि परत येताना वैद्यकीय दाखला आणायचा. हे खोटं आहे म्हणून वाईट, एवढंच मी म्हणणार नाही. त्याचं मोठं नुकसान वेगळंच आहे. अचानक आलेल्या तापाची आधी तयारी करता येत नाही. सोमवारी तुम्ही ‘आजारी’ पडणार असाल तर शुक्रवारी शेजारच्या टेबलावर फाइली लावून देता येत नाहीत, कोणतं देयक कुठवर आलंय हे सांगता येत नाही, पुरवठादाराचं बिल आधी मागवून ठेवता येत नाही. कारण यातलं काहीही केलं की ताप आधीच ठरला होता हे उघड होतं. खोटं कारण टिकवायचं तर काम बेवारस सोडावंच लागतं. खऱ्या कारणाचा खरा फायदा इथे आहे: त्यामुळे काम आधी सोपवता येतं.

हे मी कचेरीत नाही, घरच्या ओट्यावर शिकलो. आमचे सालदार ऐन डवरणीत खाडा पाडायचे तेव्हा आदल्या संध्याकाळी येऊन सांगायचे. लेकीकडे जातो, परवा येतो, उद्याला अमका माणूस येईल, वैरण काढून ठेवली आहे, डावा बैल लंगडतो आहे तर त्याला जुंपू नका. बैलाचं लंगडणं सांगण्यानं त्यांची रजा धोक्यात यायची. मालक म्हणू शकला असता की मग तू थांबच. तरी ते सांगायचे. अर्जात आपल्या विरोधात जाणारी गोष्टही असायला हवी, हा धडा मी तिथून घेतला.

म्हणून कोणती कामं अडणार याची यादी मी आधी केली. प्रवासभत्त्याची देयकं तयार होती, फक्त सह्या बाकी होत्या. त्यांची चिंता नव्हती. कार्यालयीन खर्चाची रक्कम बीम्सवर अजून आलेली नव्हती आणि कधी येईल ते जिल्ह्यालाही सांगता येत नव्हतं. ते देयक मी आधी बांधून ठेवू शकत होतो: मूळ बिलं, प्रमाणपत्रं, पुरवठादाराचं बँक खातं. खात्याच्या क्रमांकातला एक आकडा चुकला तरी रक्कम परत येते आणि एकतीसनंतर ती पुन्हा पाठवायला अनुदान उरत नाही, म्हणून तो पासबुकाच्या प्रतीशी ताडून पाहिला. तिसरं होतं आमच्या शिपायाचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक. त्याचा मंजुरी आदेश यवतमाळहून यायचा होता, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीत कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बसण्याची गरज होती. ते माझं काम होतं, आणि त्या तीन दिवसांत ते होणार नव्हतं.

आमच्या अधिकारी मॅडमकडे जाण्याआधी मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलो. तो मुस्लिम आहे, रोजे चालू होते. त्याला म्हटलं, ‘‘भाऊ, चोवीस ते सव्वीस माझं टेबल तुझ्यावर पडेल. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, मी अर्ज वेगळा लिहितो.’’ तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मले एकतीसची काळजी आहे. ईद एकतीसले की एकले, ते तर चांद दिसल्यावरच कळते. अन् एकतीसले कोषागार तर चालूच राहीन.’’ त्याचं म्हणणं बरोबर होतं. सुट्टी असूनही सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना रिझर्व्ह बँकेनं त्या दिवशी उघडं राहायला सांगितलं होतं. ईदची सुट्टी कॅलेंडरवर होती, पण त्याच्या हातात नव्हती. मी म्हटलं, एकतीस आणि एक, दोन्ही दिवस मी बसतो. त्यालाही आपला अर्ज द्यायला सांगितलं, चंद्रदर्शनाचं लिहूनच. तारीख नक्की नसेल तर नक्की नाही असं लिहिण्यात काही गैर नाही. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि निश्चित कधी कळेल तेही लिहावं.

११ मार्चला दिलेला माझा अर्ज असा होता:

‘महोदया, माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया सेवाग्राम येथे दि. २५ मार्च रोजी निश्चित झाली आहे. ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. तथापि ती एप्रिलमध्ये केल्यास विश्रांतीचा आठ आठवड्यांचा कालावधी पेरणीच्या दिवसांत जातो, म्हणून ही तारीख स्वीकारली आहे. दि. २७ पासून माझा भाऊ उपलब्ध आहे. त्यामुळे दि. २४ ते २६ मार्च अशी तीन दिवसांची अर्जित रजा व दि. २३ च्या रात्रीपासून मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. दि. २२ व २३ या सुट्टीच्या दिवशी मी कार्यालयात उपस्थित राहून देयके पूर्ण करीन. रजेच्या काळात माझे काम पाहण्यास सहकारी लिपिकांनी संमती दिली आहे; प्रलंबित देयकांची स्थिती सोबतच्या तक्त्यात आहे. वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या देयकाचा पाठपुरावा या तीन दिवसांत होऊ शकणार नाही व ते देयक ३१ मार्चपूर्वी पारित न होण्याचा संभव आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.’

‘तातडीची नाही’ हे शब्द पाहून एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला थांबवलं होतं. म्हणाले, ‘‘हे कशाला लिहितोस? यावरच नामंजूर होईल.’’ होऊ शकलं असतं. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये स्पष्ट आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही; लोकसेवेची निकड असेल तर मंजूर करणारा अधिकारी ती नाकारू शकतो, दिलेली रद्दही करू शकतो. म्हणजे निर्णय त्यांचा आहे. निर्णय त्यांचा असेल तर तो घेण्यासाठी लागणारी सगळी माहिती त्यांना मिळायला हवी, त्यात नाकारायला लागणारीही. जो अर्ज वाचून कुणाला ‘नाही’ म्हणताच येत नाही, तो निर्णय त्यांच्या हातातून काढून घेतो.

मॅडमनी अर्ज वाचला, तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, ‘‘भाऊ दोन दिवस आधी नाही येऊ शकत?’’ मी भावाची अडचण सांगितली. त्यांनी रजा मंजूर केली, पण दोन अटी घातल्या. सत्तावीसला सकाळी हजर व्हायचं, आणि कार्यभार तोंडी नव्हे, कार्यालयीन आदेशानं सोपवायचा. दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. मार्चच्या गर्दीत टेबल सोपवणं म्हणजे चिठ्ठीवर पासवर्ड लिहून देणं, असं अनेक ठिकाणी चालतं. पुढे चुकीच्या खात्यात रक्कम गेली तर नोंद ज्याच्या नावावर असते तो माणूस त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात होता, हे कुणाला सिद्ध करता येत नाही. आदेश निघाला, सहकाऱ्यानं स्वतःच्या लॉगिननं काम करायचं ठरलं, आणि अधिकाऱ्याची मान्यता अधिकाऱ्याच्याच हातात राहिली.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. कार्यालयीन खर्चाची रक्कम नेमकी २५ च्या दुपारी उतरली. सहकाऱ्यानं त्याच संध्याकाळी देयक काढलं, दुसऱ्या दिवशी एका प्रमाणपत्रावरून ते परत आलं आणि दुरुस्त होऊन पुन्हा गेलं. मी सत्तावीसला आलो तेव्हा त्याचं टोकन पडलेलं होतं. एकतीसला मी रात्री उशिरापर्यंत बसलो. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला होता, आणि सहकाऱ्यानं आपली ईद घरी केली.

शिपायाचं देयक मात्र अडकलं. मंजुरी आदेश २८ च्या संध्याकाळी हाती आला, औषधांच्या मूळ पावत्यांवरून आक्षेप लागला, आणि तो दूर व्हायच्या आत वर्ष संपलं. त्याला पैसे नव्या वर्षाच्या अनुदानातून, जूनमध्ये मिळाले. मी त्या तीन दिवसांत यवतमाळला जाऊन बसलो असतो तर आदेश आधी मिळाला असता, ही शक्यता मी नाकारत नाही. हे त्याला मी अर्ज देण्याच्या दिवशीच सांगितलं होतं. त्यानं अडवलं नाही, पण म्हणून त्याचं नुकसान कमी झालं नाही. मार्चमधल्या रजेची किंमत नेहमी कुणीतरी मोजतं. तो कोण, हे आधी शोधणं, त्याला आधी सांगणं आणि अर्जात लिहिणं हा मागणाऱ्याच्या कर्तव्याचा भाग आहे. यापलीकडे कोणताही अर्ज जाऊ शकत नाही. मार्चमध्ये रजा घेऊन कुणालाच तोशीस लागू न देणं शक्य नसतं.

कचेऱ्यांमधल्या वरिष्ठांना माझं एक सांगणं आहे. मार्चमध्ये तुमच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद येतील. एकात कारण, तारखा, अडणारी कामं आणि तोटा लिहिलेला असेल. दुसरा आठवडाभरानं दाखल्यासह येईल. पहिला वाचून तुम्ही ‘मार्चमध्ये रजा नाही’ एवढंच म्हणालात आणि दुसऱ्यावर मुकाट्यानं सही केलीत, तर पुढच्या मार्चला सगळी कचेरी तापानं फणफणेल. नाकारायची असेल तर जरूर नाकारा, पण का ते सांगून नाकारा. आणि जमलं तर त्या यादीतलं एखादं काम दुसऱ्याकडे देऊन पाहा. मागणाऱ्यांना सांगणं असं की ‘घरगुती कारणास्तव’ या दोन शब्दांमागे लपू नका. आत्ताच का, तुम्हीच का, किती दिवस, आणि तुमच्या नसण्यानं कुणाचं काय अडेल, एवढं लिहा. खरं कारण लिहून मागितलेली रजा नाकारली गेली, तरी ती खोट्या दाखल्यावर मिळालेल्या रजेपेक्षा माणसाच्या आणि कचेरीच्या जास्त उपयोगाची असते.